अकराशे फूट

गोरक्ष मापाड्यानं सव्वीस वर्षांत एकदाही चुकीचा आकडा पुकारला नाही. हे दुसरं कुणी सांगायची गरजच पडायची नाही, तोच सांगायचा. विंचूरच्या कांदा मार्केटात चहाच्या टपरीपासून भुईकाट्यापर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ झालं होतं. पण खोटं नव्हतं हो. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर आला की तो आकडा पुकारायचा, कांदा खाली करून रिकामा ट्रॅक्टर परत आला की पुन्हा पुकारायचा, आणि दोन्हींची वजाबाकी तोंडातल्या तोंडात करून निव्वळ क्विंटल सांगायचा. शेजारी रावजी खाली मान घालून पावती लिहायचा. सव्वीस वर्षांत रावजीनं एकदासुद्धा मान वर करून काट्याकडं बघितलं नाही. गोरक्ष बोलला म्हणजे तेवढंच असणार.

गेल्या वर्षी दोघांनी एकदमच काम सोडलं. दोघांची पोरं नाशकात नोकरीला, तेव्हा आपणही नाशकातच जाऊ आणि दार उघडलं की एकमेकांचं तोंड दिसेल असे शेजारी शेजारी फ्लॅट घेऊ, असा बेत ठरला. रावजीनं त्यासाठी विंचूरचं राहतं घर विकून टाकलं. घर घेणाऱ्यानं पुढच्या महिन्यात खाली करून मागितलं होतं. म्हणजे आता मागं फिरायला त्याला उंबरठाच उरला नव्हता.

फ्लॅट बघायचं काम अर्थातच गोरक्षचं. दोन जागा त्यानं नीट पाहिल्या. एक पाथर्डी फाट्याला होती. तिथला बिल्डर म्हातारा, खाटेवर बसून बोलणारा. म्हणाला, "सातशे साठ कार्पेट, बावन्नशे रुपये फूट." दुसरी मखमलाबाद रोडला. तिथं एसी ऑफिस, थंड पाणी, आणि महेश नावाचा गोडबोल्या मॅनेजर. तो म्हणाला, "नाना, अकराशे फूट, फक्त अडतीसशे रुपयांनी." आता सांगा, अकराशे मोठे की सातशे साठ? अडतीसशे स्वस्त की बावन्नशे? बालवाडीतलं पोरगंसुद्धा सांगेल. गोरक्षनं गावी जाऊन रावजीला आकडा पुकारला आणि रावजीनं तीन लाखांचा चेक लिहिला. त्यानं मान वर केली नाही.

गोरक्षची स्वतःची रजिस्ट्री तीन आठवड्यांपूर्वी झाली होती, चारशे दोन नंबरची. आज रावजीची, चारशे तीनची. आणि ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून सही करायला गोरक्ष.

सकाळी कचेरीत जायच्या आधी उज्वलानं, म्हणजे गोरक्षच्या बायकोनं, त्याला साइटवर पिटाळलं होतं. कारण महेशनं एक गाजर दाखवलं होतं. रावजीची रजिस्ट्री झाली की ओळखीचं गिऱ्हाईक आणल्याबद्दल गोरक्षला मॉड्युलर किचन फुकट. सव्वा लाखाचं. उज्वलानं रंगसुद्धा निवडला होता, पिस्ता. तिला ओट्याची लांबी हवी होती.

गोरक्ष टेप घेऊन चौथ्या मजल्यावर आपल्या फ्लॅटात गेला. विटांच्या भिंती उभ्या होत्या, प्लॅस्टर झालेलं होतं. स्वयंपाकघर मोजलं, आठ बाय दहा. मग सवयीचा माणूस, हॉल मोजला. मग खोल्या, मग दोन्ही न्हाणीघरं, मधली बोळवजा जागा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर पेन्सिलीनं बेरीज मांडली. सहाशे ब्याऐंशी.

त्यानं बेरीज परत केली. सहाशे ब्याऐंशीच. मग टेप खोटी असेल म्हणून ती स्वतःच्या हातानं वितीवितीनं पडताळली आणि सगळं घर पहिल्यापासून मोजलं. दोन्ही बाल्कन्या धरल्या तरी साडेसातशेच्या आतच आकडा. घामानं शर्ट पाठीला चिकटला. साडेतीनशे फूट घर कुठं गेलं? उंदरानं खाल्लं?

तिथूनच त्यानं महेशला फोन लावला. महेश हसला. "अहो नाना, तुम्ही मोजलं ते आतलं. आपले अकराशे म्हणजे सुपर बिल्टअप. सगळ्या नाशकात असंच चालतं. या तुम्ही, रावजी अण्णा पोचलेत इथं कचेरीत. टोकन एकतीस आहे."

सगळ्या नाशकात असंच चालतं. हे वाक्य गोरक्षनं मार्केटातही लय ऐकलं होतं. व्यापारी शेतकऱ्याच्या वजनातून कडता कापताना हेच म्हणायचे आणि गोरक्ष त्यांच्या अंगावर धावून जायचा.

निबंधक कचेरीबाहेर वकिलांची टेबलं ओळीनं लागलेली. त्यातल्या एका टेबलापाशी रावजी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता, धुतलेलं धोतर, नवी टोपी, मांडीवर आधार-पॅनची पिशवी. समोर ॲडव्होकेट झेबा शेख. बिल्डरचे करारनामे तीच करायची. पस्तिशीची बाई, कामाला चोख, तोंडानं थोडी फटकळ. तिच्या हाताखाली रावजीचा करारनामा, सत्तरेक पानांचा. प्रत्येक पानावर सही व्हायची, मग आत जाऊन फोटो आणि अंगठा. महेश टेबलामागं उभा राहून मोबाईलवर बोलत होता.

"आला का?" रावजी म्हणाला. "मॅडम म्हणत्यात तुझ्यापुढंच सह्या करू. चोवीस नंबर चालू हाय आत."

"आलो," गोरक्ष म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. मोकळेपणानं बोलावं तर सव्वीस वर्षांची अब्रू, न बोलावं तर रावजीचं घर. आणि मनाच्या कोपऱ्यात, खोटं कशाला बोला, पिस्ता रंगाचं किचनसुद्धा होतंच.

"मॅडम," तो म्हणाला, "जरा एक विचारायचं होतं. म्हणजे सहजच. एका पाहुण्याला फ्लॅट घ्यायचाय." ताकाला जाऊन भांडं लपवायची माणसाची खोड काही जात नाही. "ते कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप म्हणजे काय भानगड असते?"

महेशनं मोबाईल कानापासून खाली घेतला. "नाना, ते नंतर सांगतो की मी निवांत. सह्या उरका आधी, टोकन जाईल."

"नुसतं विचारलंय त्यांनी," झेबा म्हणाली. तिनं एका कागदावर चौकोन काढला. "हे तुमचं घर. बाहेरच्या भिंतींच्या आत जेवढी जमीन, तो कार्पेट एरिया. आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरायच्या, बाहेरच्या नाही. बाल्कनी नाही, गच्ची नाही, पाइपांचा डक्ट नाही."

"आणि बिल्टअप?"

तिनं चौकोनाभोवती जाड रेघ काढली आणि बाजूला दोन छोटे चौकोन जोडले. "कार्पेट, अधिक बाहेरच्या भिंतींची जाडी, अधिक बाल्कन्या. हा बिल्टअप. आता जिना, लिफ्ट, खालची लॉबी, वॉचमनची खोली, क्लबहाउस, हे सगळ्यांचं मिळून. त्यातला तुमच्या नावाचा वाटा बिल्टअपमध्ये मिसळला की सुपर बिल्टअप. वाटा किती मिसळायचा ते सांगणाऱ्यावर. कुणी पंचवीस टक्के लावतो, कुणी चाळीस."

गोरक्षला बाकीचं समजावून सांगायची गरज पडली नाही. सुपर बिल्टअप म्हणजे भुईकाट्यावर उभा भरलेला ट्रॅक्टर, ट्रॉली, ड्रायव्हर आणि त्याच्या जेवणाचा डबासुद्धा. कार्पेट म्हणजे नुसता कांदा. आयुष्यभर त्यानं शेतकऱ्याला सांगितलं, भाव नेहमी निव्वळ वजनावर विचार. आणि स्वतः घर घेताना ट्रॅक्टरसकट भाव करून आला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

"मग ह्यांच्या कागदात काय लिहिलंय?" त्यानं रावजीच्या करारनाम्याकडं बोट केलं.

झेबानं पान उलटलं. "कार्पेट सहासष्ट पूर्णांक त्रेचाळीस चौरस मीटर. कायद्यानं करारात कार्पेटच लिहावा लागतो, किंमतही त्याच्यावरच."

"फुटात किती?"

"दहा पूर्णांक शहात्तरनं गुणा. सातशे पंधरा."

हाच आकडा गोरक्षच्या स्वतःच्या करारातही होता. त्यानं पाहिलाही होता. मीटरमध्ये होता, म्हणून त्याला वाटलं होतं की सरकारी भाषा असेल, आणि खाली सही ठोकून दिली होती. त्याचे सहाशे ब्याऐंशी आणि आतल्या भिंतींचे तेहतीस, सातशे पंधरा. बिल्डरचा कागद इंचभर चुकला नव्हता. चुकला होता तो कागद वाचणारा.

"म्हणजे फसवणूक नाही?"

"करारात नाही," झेबा शांतपणे म्हणाली. "तोंडी अकराशे कुणी सांगितले असतील तर ते मला माहीत नाही. इथं कुठं लिहिलेलं नाही."

महेश आता हसत नव्हता. तो गोरक्षच्या खुर्चीजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "नाना, तुमचं किचनचं पत्र ईमेलमध्ये तयार आहे. अण्णांची रजिस्ट्री झाली की बटण दाबायचं. काय उगाच घोळ घालता?"

"एकोणतीस," आतून शिपाई ओरडला.

रावजीनं पेन उचललं. त्याला कानानं थोडं कमी ऐकू यायचं आणि टेबलावरची ही कुजबुज त्यानं ऐकायचा प्रयत्नही केला नव्हता. गोरक्ष शेजारी बसला म्हणजे त्याच्या मते काम झालं होतं. झेबानं पहिल्या पानावर जिथं सही करायची तिथं पेन्सिलीची फुली मारली.

गोरक्षच्या डोक्यात भागाकार चालला होता. एकेचाळीस लाख ऐंशी हजार, भागिले सातशे पंधरा. अठ्ठावन्नशेच्या वर. अडतीसशेनं घेतलेलं घर निव्वळ अठ्ठावन्नशे शेहेचाळीसनं पडलं होतं. आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याची जागा सातशे साठ, बावन्नशेनं, एकोणचाळीस लाख बावन्न हजार. पंचेचाळीस फूट मोठी आणि सव्वादोन लाखांनी स्वस्त. तिथून उठून येताना गोरक्ष रस्त्यात हसला होता, म्हाताऱ्याला धंदा कळत नाही म्हणून. त्याचे कान आत्ता तापले.

रावजीनं पेनाचं टोपण काढलं.

गप्प बसलं तर काय होतं? काहीच होत नव्हतं. रावजीला आयुष्यात कळलं नसतं. त्यानं कधी मोजलं नसतं. दार उघडलं की समोर रावजी, संध्याकाळी गच्चीत दोन खुर्च्या, उज्वलाचा पिस्ता ओटा. सगळ्या नाशकात असंच चालतं. खरंच चालत होतं की, त्याचं स्वतःचं चाललंच होतं.

"रावजी," गोरक्ष म्हणाला, "सही करू नको."

रावजीला ऐकू गेलं नाही. पेन कागदाला टेकलं. गोरक्षनं त्याचं मनगट धरलं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"सही करू नको म्हणतो ना. आकडा चुकला. मी पुकारलेला आकडा चुकला."

हे तो एवढ्या मोठ्यानं बोलला की झेबानंसुद्धा पेन्सिल खाली ठेवली. रावजीनं मान वर केली. बहुतेक पहिल्यांदाच.

"किती?" त्यानं विचारलं. मार्केटात विचारायचा तसंच.

"अकराशे नाय. अकराशेत जिना धरलाय, लिफ्ट धरली, लॉबी धरली. निव्वळ सातशे पंधरा."

"आणि ती पाथर्डी फाट्याची?"

"ती सातशे साठ. निव्वळ."

"भाव?"

"मी म्हणलो होतो ती महाग. नाय. तीच स्वस्त हाय. सव्वादोन लाखांनी." "मी एकाचं भरलेलं वजन आणि दुसऱ्याचं निव्वळ वजन एकमेकांशी ताडलं, रावजी. शेंबड्या पोरानं करू नये ते केलं."

महेश मध्ये पडला. अण्णा, असं नसतं, तिथं लिफ्ट आहे का बघा, इथं क्लबहाउस आहे, बँकेचं कर्ज आहे, स्टॅम्प ड्युटी भरून झालीय, ती बुडेल. त्याचं तोंड भराभर चालत होतं. रावजी झेबाकडं बघत होता.

"मॅडम, बुडंल का?"

झेबानं एकदा महेशकडं पाहिलं, मग कागद मिटला. तिची रोजीरोटी त्या बिल्डरकडून होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. "तुम्ही अजून एकही सही केली नाही," ती म्हणाली. "न वापरलेल्या स्टॅम्प ड्युटीचा परतावा मिळतो, सहा महिन्यांच्या आत अर्ज करा, थोडे पैसे कापतात. बुकिंगला किती दिवस झाले?"

"चोवीस," गोरक्ष म्हणाला.

"मग तुमच्या बुकिंगच्या वाटपपत्रात लिहिलंय, पंधरा दिवसांनंतर आणि तीस दिवसांच्या आत रद्द केलं तर किमतीच्या एक टक्का कापतील. एकेचाळीस हजार आठशे. बाकी परत. दिले नाहीत तर महारेराकडं तक्रार करता येते. आज लेखी द्या, उद्यावर टाकू नका."

"मॅडम, तुम्ही कुणाच्या वकील आहात?" महेश म्हणाला.

"त्यांनी मला कायदा विचारला, तो मी सांगितला."

"एकतीस," शिपाई ओरडला. "एकतीस आहे का कुणी?"

कुणी उठलं नाही. शिपायानं दोनदा पुकारलं आणि बत्तीस नंबरचं नवरा-बायकोचं जोडपं घाईघाईनं आत गेलं. रावजीनं पेनाचं टोपण लावलं, पेन महेशच्या हातात दिलं, आणि झेबाकडून कोरा कागद मागून घेतला. रद्द करण्याचा अर्ज त्यानं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला. पावत्या लिहून लिहून घटलेलं अक्षर. खाली तारीख टाकली, झेबाकडून पोच घेतली. गोरक्ष शेजारी बसून होता आणि त्याला काहीच काम नव्हतं.

बाहेर पडल्यावर रावजीनं झाडाखाली उभं राहून पाथर्डी फाट्याच्या म्हाताऱ्याला फोन लावला. बोलणं दोन मिनिटंच झालं. गोरक्ष चार हात लांब उभा होता. रावजी आता शिव्या देईल, निदान दोन शब्द तरी सुनावेल, अशी त्याची अपेक्षा होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हाय म्हणतो," रावजी फोन खिशात ठेवत म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर. भाव तोच. पैसे परत मिळेपर्यंत थांबतो म्हणाला, पण लेखी घेतो म्हणाला."

"चांगलं झालं."

"एकच फ्लॅट शिल्लक हाय."

"बरं."

मग रावजीच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर त्याचा चेहरा जो उतरला तो गोरक्षला पाहवला नाही.

"तुझी रजिस्ट्री झाली ना रे?"

"झाली. तीन आठवडे झाले. आता रद्द करायला गेलो तर सगळीकडूनच कापत्यात. उज्वलाला अजून सांगायचंय."

"म्हणजे तू अडकलाय हे तुला आधीच ठाऊक होतं. तरी सांगितलंस."

गोरक्षला म्हणायचं होतं की सांगायचं ते टोपण काढल्यावर ठरलं, त्याच्या आधी ठरलं नव्हतं. पण तेवढं खरं बोलण्याइतका दम आता उरला नव्हता.

"मग तू तिथं एकटाच राहणार," रावजी म्हणाला.

"हां."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. रावजीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, टोपी नीट केली, उगाच परत काढली.

"पाथर्डी फाटा ते मखमलाबाद," तो म्हणाला, "बस हाय का रं?"

"हाय," गोरक्ष म्हणाला. "एकदा बदलावी लागते."